पाचोळा जाळला, खत नासवलं

सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करायची कल्पना माझी. सेक्रेटरीही मीच, त्यामुळे अडवणारं कोणी नव्हतं. 48 घरं, घरटी साधारण अर्धा किलो, म्हणजे रोजचा चोवीसेक किलो ओला कचरा. मागच्या भिंतीशी जाळीदार विटांचे दोन हौद बांधून घेतले आणि पहिल्याच दिवशी हौसेने बादल्या रिकाम्या केल्या.

दहाव्या दिवशी तळमजल्यावरच्या काकू नाकाला पदर लावून दारात उभ्या. "अहो, नासकी अंडी पुरलीत का तिथे?" हौदाखाली काळं पाणी साचलं होतं, आत अळ्या वळवळत होत्या. मी विरजण कमी पडलं असं समजून वर आंबट ताक ओतलं. आधीच ओल्या लगद्यात आणखी ओल! वास दुप्पट झाला.

कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्यांनी लगदा मुठीत घेऊन दाबला. बोटांतून धार लागली. "एखाद-दुसरा थेंब यायला हवा. यात हवाच नाही, मग सडणारच. पाचोळा कुठाय?" एक बादली ओल्या कचऱ्याला दोन बादल्या चुरलेला पाचोळा, आणि दर आठवड्याला खालीवर करणं, एवढंच त्यांनी सांगितलं. अळ्यांना मात्र हात लावू दिला नाही. त्या कचराच खातात म्हणाले.

पाचोळा! गल्लीतल्या पर्जन्यवृक्षांचा पाचोळा फेब्रुवारीपासून ढिगाने पडत होता आणि तो कोपऱ्यावर पेटवायला झाडूवाल्याला मीच सांगत होतो. दुसरीकडे नर्सरीतून कोकोपीटच्या विटा विकत आणायला निघालो होतो. याची लाज मला अजून वाटते.

मग शेजारच्या दोन सोसायट्यांना विचारलं. त्यांनाही पाचोळ्याची कटकटच होती. रविवारी सकाळी पोरं पोत्यांत भरून आणू लागली आणि पावसाळ्यासाठी पंचवीस पोती जिन्याखाली कोरडी ठेवली. पाचोळा मिसळल्यावर तिसऱ्या दिवशी ढिगाच्या पोटात हात घातला, तर चटका बसला. वास ओल्या मातीचा.

इथेच थांबलो असतो तर बरं. महिन्याभरात वरून काळंभोर दिसायला लागलं, तसं मी घरोघरी वाटलं. आत ते अजून कच्चं होतं. पिशवीत चारपाच दिवस बांधून ठेवायचं, उघडल्यावर उग्र वास आला किंवा पिशवी गरम लागली तर परत हौदात टाकायचं, ही साधी परीक्षा मी केली नाही. काकूंची तुळस आठवड्यात पिवळी पडून गेली.

आता खताला अडीच-तीन महिने देतो. काकूंना नवं रोप नेऊन दिलं. ते त्यांनी ठेवून घेतलं. सोबतची खताची पिशवी मात्र तशीच परत पाठवली.