मिटू न देणारा दाब

न्यूमोनियामुळे अब्बा व्हेंटिलेटरवर होते. ‘पीप’ 5 वर असताना रक्तातला ऑक्सिजन 86 टक्क्यांवरच अडकला. डॉक्टरांनी पीप हळूहळू 10 वर नेला, तेव्हा ऑक्सिजन 93 झाला. “मग अजून वाढवा ना!” अम्मी म्हणाली.

डॉक्टरांनी समजावले. आजारी फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे श्वास सोडताच मिटतात. मिटलेला फुगा उघडायला जोर लागतो. आत थोडी हवा उरली, तर पुढचा श्वास सहज शिरतो. पीप म्हणजे श्वास सोडल्यावरही आत राखलेला दाब. तो उघडलेले फुगे पुन्हा मिटू देत नाही. पण दाब फार झाला, तर चांगले फुगे ताणले जातात आणि हृदयाकडे येणारे रक्त कमी होते. अब्बांचा रक्तदाब उतरू लागला होता, म्हणून डॉक्टर 10 वरच थांबले.