सबसिडी गेली म्हणून बुडालो नव्हतो

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण आपल्या पट्ट्यात नवीन धंद्यात पैसे घालणारे आणि घालवलेले बरेच आहेत, म्हणून लिहितोय.

मागच्या महिन्यात भाचा घरी आला. इंजिनिअर आहे, चाकणला एका कंपनीत सहा वर्षं काढली. म्हणाला, "मामा, बॅटरी स्वॅपिंग करायचं. भोसरी ते चाकण पार्ट वाहणाऱ्या इलेक्ट्रिक तीनचाकींना भरलेली बॅटरी द्यायची, रिकामी घ्यायची. तुम्ही पंधरा लाख घाला." मी म्हटलं, "मी एकदा हात पोळून घेतलेत." त्यावर तो म्हणाला, "तुम्हीच तर म्हणता ना, आपली वेळ चुकली होती?"

खरंय. 2010 साली मी निगडीत इलेक्ट्रिक स्कूटरची एजन्सी घेतली होती. केंद्राने त्याच वर्षी कमी वेगाच्या स्कूटरला साधारण चार हजारांची सबसिडी सुरू केली. मार्च 2012 ला ती बंद झाली आणि त्याच दिवाळीआधी मी शटर ओढलं. तेव्हापासून लग्नकार्यात कुणीही विचारलं की माझं उत्तर ठरलेलं: सबसिडी गेली, बुडालो.

त्या रात्री माळ्यावरून जुनी वही काढली. हिशेब मांडला आणि खरं सांगतो, चौदा वर्षं मी स्वतःलाच फसवत होतो.

स्कूटरला 12 व्होल्टच्या चार लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या असायच्या, 20 अँपिअर-अवरच्या. चारांचं वजन जवळजवळ अठ्ठावीस किलो. गोम अशी की हे 20 अँपिअर-अवर सावकाश वापरलं तर मिळतात. डबलसीट घेऊन पुलावर चढलात की बॅटरीतून करंट जोरात ओढला जातो आणि तेवढी वीज हाती येतच नाही. शिवाय ही बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली तर साधारण तीनशे वेळा भरून होईस्तोवर तिचा जीव जातो. आमचं गिऱ्हाईक रोज तिला तळापर्यंत न्यायचं, कारण रेंजच तेवढी होती. म्हणजे वर्षभरात नवा सेट, दहा हजार रुपये.

आता भागाकार करा. दहा हजार भागिले तीनशे, म्हणजे दिवसाला तेहेतीस रुपये फक्त बॅटरीची झीज. गिऱ्हाईक दिवसाला तीस किलोमीटर फिरायचं. तेव्हा पेट्रोल पंचावन्नच्या आसपास होतं आणि पेट्रोलची स्कूटर लिटरला पंचेचाळीस द्यायची. तेवढ्याच अंतराला पेट्रोल लागायचं सदतीस रुपयांचं. बॅटरीत विजेचे दोन-चार रुपये मिळवा की बरोबरी झाली. ज्या बचतीच्या नावावर मी गाडी विकत होतो, ती बचत नव्हतीच! सबसिडीचे चार हजार म्हणजे बॅटरीच्या अर्ध्या सेटचेही पैसे नव्हेत. तिच्यामुळे पहिल्या वर्षी गाडी खपली एवढंच. दुसऱ्या वर्षी सेट बदलायची वेळ आली की तेच गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडायचं. सबसिडी राहिली असती तरी मी बुडालोच असतो, फक्त उशिरा.

हाच हिशेब आजच्या आकड्यांनी केला. लिथियम बॅटरीचा भाव जगाच्या बाजारात 2010 साली एका किलोवॉट-अवरला हजार डॉलरच्या वर होता, 2024 मध्ये तो 115 डॉलरवर आला. मला मिळालेलं कोटेशन दीड किलोवॉट-अवरच्या पॅकला पंचवीस हजारांचं आहे. हजार वेळा भरता येईल असं धरलं, तरी एका भरण्याला पंचवीस रुपये झीज. त्यात पन्नास किलोमीटर होतात, म्हणजे तीस किलोमीटरला पंधरा. वीज धरून पंचवीस. तेवढ्याच अंतराला आज पेट्रोल जवळजवळ सत्तर रुपयांचं लागतं. म्हणजे माझ्या बाबतीत वेळ खरंच चुकली होती. पण ती सबसिडीची नव्हे, बॅटरीची.

हे फक्त माझंच नाही. बंगळुरूच्या चेतन मैनींची रेवा गाडी 2001 साली याच लेड-अ‍ॅसिडवर रस्त्यावर आली आणि थोडक्यांच्याच दारात पोचली. 2010 ला महिंद्राने कंपनी ताब्यात घेतली. आज महिंद्राच्या मोठ्या इलेक्ट्रिक गाड्या आपल्या चाकणमध्येच बनतात.

मग भाच्याला लगेच पैसे द्यायचे का? थांबा. स्वॅपिंगचाही एक जुना मुडदा आहे, तो आधी तपासायला हवा.

इस्रायलच्या बेटर प्लेस या कंपनीने 2007 पासून साधारण 85 कोटी डॉलर उभे केले आणि मे 2013 मध्ये दिवाळं काढलं. कारणं दोन. कारची बॅटरी अडीचशे किलोच्या वर, ती बदलायला यंत्रमानवाचं महागडं स्टेशन लागायचं. दुसरं, हे स्टेशन वापरू शकणारी गाडी एकच होती, रेनॉची. बाकी कुठल्याही कंपनीने आपली गाडी त्या बॅटरीसाठी बनवली नाही.

आता एकेक कारण घेऊ. वजनाचं कारण छोट्या गाडीत उरलेलं नाही, तिथली बॅटरी एक माणूस हाताने उचलतो. आणि तीनचाकीवाल्याची गाडी चार तास चार्जिंगला उभी राहिली तर त्याचा अर्धा दिवस बुडतो, त्यामुळे गरजही खरी आहे. रेवावाले मैनी स्वतः आज छोट्या गाड्यांच्या स्वॅपिंगच्या धंद्यात आहेत, ते उगाच नाही. घरी रात्रभर गाडी उभी करणाऱ्या कारवाल्याला मात्र आज बॅटरी स्वस्त झाल्यावर स्वॅपिंगची गरज आणखी कमी झाली आहे. भाव उतरला की प्रत्येक जुनी कल्पना जिवंत होते असं नाही, काही कायमच्या मरतात.

दुसरं कारण जसंच्या तसं आहे. नीती आयोगाने 2022 मध्ये स्वॅपिंग धोरणाचा मसुदा काढला, पण आजही एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या गाडीत सहसा बसत नाही. भाच्याच्या कागदावर 'कुठलीही तीनचाकी येईल' असं लिहिलं होतं. बेटर प्लेस इथेच मेली.

आणखी एक आपल्याकडचं. त्याने गाड्यांच्या सव्वापट बॅटऱ्या धरल्या होत्या. मी विचारलं, "संध्याकाळी तळेगाव चौकात तू किती वेळ अडकतोस?" हसला. गाडी तिथे तासभर अडकली की तिची रिकामी बॅटरी तासभर उशिरा येते आणि पुढच्याला द्यायला भरलेली नसते. दीडपट तरी धर म्हटलं. भांडवल तिथेच वाढलं.

शेवटी ठरलं असं. सगळ्यांसाठी खुलं स्टेशन काढायला मी पैसे देणार नाही. एकाच बनावटीच्या वीस गाड्या असलेल्या एका वाहतूकदाराशी लेखी करार आण, मग आठ लाख देतो. तो सध्या रुसलाय. ताई पण रुसलीय.

एक सूचना आहे. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये महापालिकेचं स्टार्टअप केंद्र आहे. तिथे नव्यांचे सत्कार होतातच. एक वही बंद पडलेल्यांचीही ठेवा. काय विकत होतो, कुठल्या एका आकड्याने मेलो, तो आकडा तेव्हा किती होता. नावं नसली तरी चालतील. माझं पान मी लिहून द्यायला तयार आहे.

तुमच्यापैकी कुणाचा भोसरी-चाकणमध्ये गाळा बंद पडला असेल, तर 'मंदी आली' एवढंच न सांगता तो एक आकडा खाली लिहा. पुढच्या कुणाचे तरी पंधरा लाख वाचतील.