तपकिरीचा खळगा आणि निर्दोष फिल्म

अंगठा ताठ करून मागे खेचला की मनगटाच्या त्या बाजूस दोन उभ्या कंडरांच्या मधोमध एक लहानसा खळगा पडतो. जुनी माणसे चिमूटभर तपकीर त्यात ठेवून नाकात ओढीत. शरीरशास्त्रानेही या खळग्याला तपकिरीच्या डबीचेच नाव दिले आहे. त्याच्या तळाशी एक हाड असते, आकाराने आणि वळणाने बरेचसे काजूगरासारखे. ज्यांनी त्याचे नामकरण केले त्यांना त्यात होडी दिसली, म्हणून ग्रीक भाषेतील होडीवाचक शब्दावरून त्यास स्कॅफॉइड म्हणतात. मनगटातील आठ लहान हाडे दोन रांगांत बसलेली असतात आणि या दोन रांगांना जोडणारा दुवा म्हणजे हे हाड. माणूस पडताना तोल सावरण्यासाठी तळहात जमिनीवर टेकतो, मनगट मागे वाकते आणि अंगाचा सारा भार या दुव्यावर येतो. वृद्धांमध्ये अशा वेळी बहुधा मनगटाजवळचे हाताचे लांब हाड मोडते. तरुणांमध्ये स्कॅफॉइडला तडा जातो.

रोह्यातील एका धान्य व्यापाऱ्याच्या तेवीस वर्षांच्या मुलाचे असेच झाले. ऑगस्टच्या पावसात गोदामाच्या शेवाळलेल्या पायरीवरून तो घसरला व उजव्या तळहातावर आदळला. हात वाकडा झाला नाही, सूजही बेताचीच होती. त्याच संध्याकाळी समोरून व बाजूने अशा दोन फिल्म काढल्या गेल्या आणि त्यांत कोठेही रेघ दिसली नाही. मनगट मुरगळले असेल असे सर्वांनी मानले. तिसऱ्या दिवशी काही कामानिमित्त मुलगा पेणला मामाकडे गेला. तेथे त्याला पाण्याचा तांब्या उचलताना थबकलेला पाहून मामाने त्याला अस्थिरोगतज्ज्ञाकडे नेले. दरम्यान वडीलही रोह्याहून येऊन पोहोचले.

डॉक्टरांनी फिल्म पाहण्यापूर्वी हात पाहिला. प्रथम तपकिरीच्या खळग्यात बोट दाबले. मग तळहाताच्या बाजूने, मनगटाच्या वळीजवळ अंगठ्याच्या रेषेत हाडाचा जो उंचवटा लागतो तो दाबला. शेवटी अंगठा धरून तो मनगटाच्या दिशेने आत रेटला. तिन्ही वेळा मुलाने हात आखडला. केवळ खळग्यातील दुखणे साध्या मुरगळीतही आढळते. पण तिन्ही खुणा एकत्र आल्या की संशय बळावतो. त्यांनी फिल्म पुन्हा काढण्यास सांगितले, मात्र या वेळी हाताची ठेवण निराळी होती.

या निराळ्या ठेवणीचे कारण समजून घेण्यासारखे आहे. स्कॅफॉइड मनगटात सरळ बसलेले नसते, ते तळहाताकडे तिरके झुकलेले असते. होडी नाकासमोरून पाहावी तशी समोरच्या फिल्मवर त्याची लांबी दबून आखूड दिसते आणि शेजारच्या हाडांची छाया काही भागावर चढते. बाजूच्या फिल्ममध्ये तर सारी हाडे एकमेकांवर पडतात. म्हणून तळहात पालथा ठेवून मनगट करंगळीच्या बाजूस वळवतात. असे केल्याने झुकलेले हाड उठून लांबीने पसरते. क्ष-किरणांची नळी कोपराकडे वीस ते तीस अंश कलती केली तर त्याची कंबर अधिक स्पष्ट दिसते. याच्या जोडीला हात तिरका ठेवून आणखी एक फिल्म काढतात. मनगटाला मार लागून अंगठ्याकडे दुखत असेल, तर या चार ठेवणींतील फिल्म झाल्याखेरीज तपासणी पूर्ण मानीत नाहीत.

पेणच्या त्या चार फिल्मही निर्दोष निघाल्या. डॉक्टरांनी तरीही कोपराखालपासून प्लॅस्टर घालण्याचे ठरविले. वडिलांना ते पटेना. “डॉक्टरसाहेब, फिल्ममध्ये काही नाही म्हणता, मग प्लॅस्टर कशाचे? गणपती तोंडावर आले आहेत, दुकानात हाच मुलगा आहे.”

“शेठ, तेरीज जुळली म्हणजे वह्या बिनचूक असतात का?” डॉक्टरांनी विचारले.

व्यापाऱ्याला याहून अधिक सांगावे लागले नाही. एखादा व्यवहार जमा व नावे दोन्हीकडे लिहायचाच राहून गेला, तर तेरीज बिनबोभाट जुळते. फिल्मचेही तसेच आहे. कपाटाच्या दोन फळ्यांमधील फटीतून पलीकडचा उजेड दिसायचा, तर डोळा नेमका फटीच्या रेषेत यावा लागतो. हाडाचे दोन भाग सरकले नसतील तर तडा केसाएवढा असतो. किरण त्याच्या रेषेत गेले तरच तो उमटतो, जरा तिरपे गेले की दोन्ही बाजूंची छाया एकमेकींत मिसळते. अशा मोडलेल्या हाडांपैकी दहातील एक किंवा दोन पहिल्या फिल्ममध्ये हुकतात. पुढे शरीर स्वतःच मदत करते. तड्याच्या दोन्ही कडांचे मेलेले हाड पेशी शोषून घेतात, फट रुंदावते, आणि दहा ते चौदा दिवसांनी पहिल्या दिवशी न दिसलेली रेघ दिसू लागते.

वडिलांची तक्रार अगदीच अनाठायी नव्हती. संशयावरून प्लॅस्टर घातलेल्यांपैकी बहुतेकांचे हाड शेवटी शाबूत निघते. त्यांचे दोन आठवडे व्यर्थच जातात. पहिल्या काही दिवसांतच एमआरआय केल्यास हा प्रश्न सुटतो, कारण हाडाच्या आतील मार त्यात लगेच दिसतो. पण त्यासाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागते आणि खर्चही सोसावा लागतो. कोणत्या घरास काय परवडेल हे त्या घरानेच ठरवावे. मात्र दोन आठवडे हात मोकळा सोडून वाट पाहणे हा तिसरा पर्याय नव्हे.

तो का नव्हे, याचे उत्तर या हाडाच्या रक्तपुरवठ्यात आहे. रक्तवाहिन्या बहुतांशी बोटांकडील अर्ध्या भागातून हाडात शिरतात आणि तेथून उलट दिशेने, कोपराकडील टोकाकडे जातात. गावाला एकाच बाजूने नळ यावा तसा हा प्रकार. मध्ये, म्हणजे कंबरेशी, तडा गेला की पलीकडच्या टोकाचे पाणी तुटते. बहुतेक तडे कंबरेशीच जातात. मनगट हलत राहिले तर आधीच उपाशी असलेले ते टोक सांधण्याची शक्यता घटते. कधी ते मरतेही. फसवणूक अशी, की दुखणे काही आठवड्यांनी कमी होते आणि माणूस बरे झाले असे समजून कामाला लागतो. न सांधलेले हाड काही वर्षांनी मनगटाच्या संधिवाताच्या रूपाने पुढे येते. तोवर साध्या प्लॅस्टरची वेळ टळलेली असते आणि दुसरीकडचे हाड घेऊन स्क्रूने बसविण्याची शस्त्रक्रिया करावी लागते.

बाराव्या दिवशी प्लॅस्टर काढून पुन्हा फिल्म घेतल्या. समोरच्या फिल्मवर अजूनही काही नव्हते. करंगळीकडे वळविलेल्या मनगटाच्या फिल्मवर मात्र हाडाच्या कंबरेतून आडवी गेलेली एक बारीक काळी रेघ होती. ती दाखविल्यावर वडिलांना लगेच दिसली; मग त्यांनी पहिली फिल्म मागून घेऊन उजेडात धरली आणि तीत ती बराच वेळ शोधली. हाडाचे तुकडे सरकले आहेत का हे पाहण्यास पनवेलला सीटी स्कॅन केला. अंतर एक मिलिमीटरहून कमी निघाले, म्हणून शस्त्रक्रिया टळली व प्लॅस्टर पुन्हा चढले. दुसऱ्या फिल्ममध्येही रेघ दिसली नसती आणि खळग्यातील दुखणे कायम राहिले असते, तर एमआरआय करायचे आधीच ठरले होते. कारण दोन आठवड्यांनंतरची फिल्मही क्वचित फसवते.

गणेशोत्सवात मुलगा गल्ल्यावर बसून डाव्या हाताने पैसे मोजीत होता. आठ आठवड्यांनी प्लॅस्टर निघाले. हाड सांधल्याची खात्री फिल्मवरून नीट होत नाही, म्हणून पुन्हा सीटी स्कॅन झाला. त्यात कंबरेच्या बहुतेक रुंदीत नवे हाड भरलेले दिसले. मनगट ताठरले होते, मूठ अर्धी वळत होती. व्यायामाने ते सुटले. तांदळाच्या गोणीला हात लावण्याची परवानगी मात्र डॉक्टरांनी आणखी सहा आठवडे दिली नाही, आणि तेवढे दिवस वडिलांनी दुकानात एक हमाल ठेवला.