घड्याळाचा रिकामा डबा



पर्युषणाआधी घर आवरताना कपाटातला एक मोठा लाल डबा मी रद्दीवाल्याला देऊन टाकला. आत काहीच नव्हतं, जागा मात्र अडत होती. तो ह्यांच्या ओमेगा घड्याळाचा होता. खालच्या कप्प्यातलं वॉरंटी कार्डही त्याच्याबरोबर गेलं, हे मला तेव्हा कळलंच नाही.

यंदा ह्यांनी घड्याळ विकायचं ठरवलं. ठाण्यातल्या एका व्यापाऱ्याने आधी पट्ट्याजवळ, घड्याळाच्या कानामागे कोरलेला बारीक आकडा भिंगातून पाहिला आणि विचारलं, "कार्ड?" कार्ड नाही म्हटल्यावर दर आला १,२०,००० रुपये. कार्ड आणि डबा असता तर १,४५,००० दिले असते, म्हणाला.

मला राग आला, पण मी कॉमर्सची, हिशोब पटला. कार्डावरचा आकडा घड्याळावरच्या आकड्याशी जुळला की घड्याळ कुठून आलं ते समजतं. कार्ड नसेल तर पुढच्या गिऱ्हाइकाला चोरीची किंवा नकलेची शंका येते. मग व्यापाऱ्याला मागचं झाकण उघडून यंत्र तपासावं लागतं, आणि ती जोखीम तो आपल्या दरातून कापतो. नुसता डबा पुरावा नाही, डबे सुटेही विकत मिळतात. खरी किंमत जुळणाऱ्या आकड्याची.

डोंबिवलीच्या नणंदेकडे घरफोडी झाली तेव्हा तर हे फारच जाणवलं. तक्रारीत "पांढऱ्या डायलचं, स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ" एवढंच लिहिता आलं. अशी घड्याळं कितीतरी! विम्याचा सर्वेअर आला, त्याने बिल मागितलं. तेही नव्हतं. शेवटी एका जुन्या पर्समध्ये सर्व्हिसिंगची पावती सापडली. तिच्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर दोन्ही होते. त्यावरून पोलिसांना पुरवणी जबाब देता आला आणि दावाही मार्गी लागला, पण रक्कम कापूनच मिळाली.

आणखी एक. 'भारत गृह रक्षा' ही घरविम्याची पॉलिसी २०२१ पासून आहे. तिच्या मूळ संरक्षणात आग, पूर वगैरे आपत्तीनंतर ७ दिवसांत झालेली चोरी येते. एरवीची घरफोडी नाही. ती वेगळी घ्यावी लागते. नणंदेने घेतली होती म्हणून निभावलं. महागडं घड्याळ कोणत्या सदरात धरलंय, ते कंपनीकडून लेखी घ्या.

आता मी घड्याळाचा, सिरियल नंबरचा, बिलाचा आणि कार्डाचा फोटो काढून मुलाला आणि सुनेला मेल केलाय. मूळ कागद घड्याळाबरोबर नाही, वेगळ्या कपाटात ठेवलेत, नाहीतर चोर दोन्ही नेईल. नंबराचा फोटो ग्रुपवर मात्र टाकू नका. नकली घड्याळांवर खरे नंबर कोरतात.

आमचं घड्याळ अखेर १,२०,००० लाच गेलं. २५,००० रुपये रद्दीत घातले, असं हे अजून हसत हसत ऐकवतात. आज दुपारी तुमचा डबा उघडून खालचा कप्पा बघा.