आपणां उभयतांना

2023 च्या दिवाळीत पाडवा मंगळवारी आला होता. सकाळी सव्वासातला, कणीक भिजवता भिजवता, मी एक मेसेज पुढे ढकलला. वसुबारसेपासून रोज हेच चाललं होतं. कोणाकडून तरी दिव्यांचं चित्र यायचं, त्याखाली चार ओळी असायच्या आणि मी ते माझ्या ब्रॉडकास्ट यादीला पाठवून द्यायची. यादीत साठ-बासष्ट नावं होती. दोन बोटांचं काम. त्या दिवशीच्या चित्राखाली लिहिलं होतं, 'पती-पत्नीच्या अतूट नात्याचा सण, पाडवा! आपणां उभयतांना हार्दिक शुभेच्छा!'

त्या यादीत सांगलीची माझी मावशीही होती. काका श्रावणात गेले होते.

दुपारी साडेबाराला तिचं उत्तर आलं. नुसते जोडलेले हात. ते पाहिलं आणि मी काय पाठवलंय ते डोक्यात शिरलं. मेसेज सगळ्यांकडचा पुसून टाकावा असं आधी मनात आलं. पण निळ्या खुणा उमटल्या होत्या, म्हणजे तिने वाचला होता. पुसला असता तर तिथे मेसेज पुसल्याची ओळ राहिली असती, आणि मला कळलं होतं पण मी बोलले नाही, एवढंच तिला त्यातून समजलं असतं. फोन उचलायचा धीर झाला नाही. म्हटलं, लिहू.

सुरुवात त्या फॉरवर्डपासूनच केली. मजकूर कॉपी करून ठेवला आणि त्यातलं मावशीला काय लागू पडतं ते पाहू लागले. 'उभयतांना' काढलं. 'अतूट नात्याचा सण' काढलं. 'हार्दिक शुभेच्छा'वर थांबले. आमच्याकडे घरात कोणी गेलं की वर्षभर सण करत नाहीत. फराळ घरी तळत नाहीत, नातेवाईक आणून देतात. अशा घरी शुभेच्छा कसल्या द्यायच्या? तेही काढलं. उरला फक्त 'पाडवा' हा शब्द. म्हणजे चार ओळींत तिच्यासाठी एकच शब्द होता.

मग मी स्वतः लिहिलेला पहिला मसुदा असा होता : 'मावशी, काकांच्या आठवणी कायम सोबत राहतील. देव तुला बळ देवो. काही लागलं तर सांग.' लिहून झाल्यावर मी मनातल्या मनात मावशीच्या जागी शेजारच्या वहिनी ठेवल्या, काकांच्या जागी त्यांचे वडील. एक अक्षरही बदलावं लागलं नाही. म्हणजे हाही फॉरवर्डच, फक्त माझ्या हातचा. तेव्हापासून ही माझी कसोटी झाली आहे : नाव बदलूनही वाक्य तसंच उभं राहत असेल तर ते खोडायचं.

'काही लागलं तर सांग' हे वाक्य तर मी आता लिहीतच नाही. काय लागतंय ते ओळखायचं आणि तोंड उघडून मागायचं, ही दोन्ही कामं त्यात समोरच्यावर येतात. त्यापेक्षा आपण काय करणार आहोत आणि कोणत्या दिवशी, ते लिहावं.

मग मी काकांचा विचार करत बसले. दिवाळी म्हटली की ते मला कुठे दिसतात? सांगलीच्या पडवीत, पोत्यावर मांडी घालून. बांबूच्या कामट्या तासून ते घरीच कंदील करायचे. दोऱ्याने चौकटी बांधायच्या, खळ लावून पतंगी कागद चिकटवायचा, खाली झिरमिळ्या. कामटी कोवळी निघाली तर वाकते, म्हणून प्रत्येक कामटी ते कानाशी नेऊन टिचकी मारून बघायचे. मी नऊ-दहा वर्षांची असताना झिरमिळ्या कापायचं काम माझ्याकडे असायचं आणि मावशी आतून ओरडायची, ‘‘खळीचे हात दाराला लावू नका!’’

हे आठवल्यावर पुढचं लिहायला पाच मिनिटंही लागली नाहीत. जे पाठवलं ते असं :

'ती. मावशीस,
सा. न.
सकाळचा पाडव्याचा मेसेज मी सगळ्यांना एकदम पाठवला, तुझा विचार न करता. चुकलं माझं.
आज काका पडवीत कंदील बांधताना दिसतायत. कामटी कानाशी धरून टिचकी मारायचे ते. मी अजून बांबू हातात आला की तसंच करते.
शनिवारी सकाळच्या गाडीने येते. पातळ पोह्यांचा चिवडा आणि चकल्या आणते. रात्री राहीन.'

मायना मुद्दाम जुन्या पत्रांसारखा ठेवला. मावशी आम्हाला पत्रं लिहायची तेव्हा 'चि.' आणि 'अ. आ.' शिवाय सुरुवात करत नसे. जुन्या मायन्याचा एक उपयोग आहे : कोण कोणाला लिहितंय, मोठं कोण, धाकटं कोण, हे पहिल्याच ओळीत ठरतं. 'आपणांस व आपल्या परिवारास' यात ते ठरूच शकत नाही. तो मजकूर कोणालाही चालावा म्हणूनच तसा लिहिलेला असतो. चुकीची कबुली मात्र एकाच ओळीत संपवली. ती लांबली असती तर मावशीलाच माझी समजूत घालत बसावं लागलं असतं.

ऑफिसच्या सहकाऱ्यासाठी हेच जरा वेगळं करावं लागलं. त्या महिन्यात माझ्या सासूबाई दवाखान्यात होत्या आणि सहा दिवस या सहकाऱ्यांनी माझं टेबल सांभाळलं होतं. त्यांच्या घरी सण होता, त्यामुळे फॉरवर्डमधली 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा' ही ओळ ठेवली. तिच्यात काही वावगं नव्हतं. खाली लिहिलं : 'तुम्ही बँकेचा ताळमेळ लावून ठेवला होतात, म्हणून परत आल्यावर मला एक दिवसही उशिरापर्यंत बसावं लागलं नाही. गावी आईंना माझा नमस्कार सांगा.' आधी मी सासूबाईंच्या आजाराचंच लांबलचक लिहिलं होतं. वाचल्यावर लक्षात आलं, ते पत्र माझ्याबद्दल झालं होतं, म्हणून खोडलं. आणि उरलेला मजकूर ऑफिसच्या ग्रुपवर न टाकता त्यांना एकट्यांना पाठवला. ग्रुपवर एकाचे आभार मानले की दुसऱ्याने केलेली मदत उगाच झाकली जाते.

बासष्ट जणांना असं लिहिणं जमत नाही, हे मी करून पाहिलं आहे. दहाव्या-बाराव्या नावानंतर वाक्यं पुन्हा एकसारखी व्हायला लागतात. म्हणून यादी काढूनच टाकली. आता स्वयंपाकघरातल्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर अकरा नावं आहेत. वर्षभरात त्या माणसाचं काही कळलं की नावापुढे दोन-तीन शब्द टिपून ठेवते : गुडघ्याचं ऑपरेशन, मुलीची दहावी, नवं घर. दिवाळीत लिहायला बसले की तेवढं पुरतं. बाकीच्यांना मी काहीच पाठवत नाही. भेटले की बोलते.

त्या मंगळवारी मावशीचं उत्तर रात्री आलं. 'चि. बाळ, अ. आ. ये. चकल्या कडक नको, दात दुखतोय. मागच्या वर्षीचा सांगाडा माळ्यावर आहे, तू आलीस की काढू.'

शनिवारी आम्ही तो काढला. कागद फाटला होता, कामट्या शाबूत होत्या. सण करायचा नव्हता म्हणून टांगला नाही. पुसून, जुन्या साडीत गुंडाळून पुन्हा वर ठेवला. वहीत मावशीच्या नावापुढे तेव्हा लिहिलं : पतंगी कागद, पांढरा आणि केशरी, पुढच्या वर्षी नेणे.