कुलूप असलेली घरं

परवा अंबाजोगाईच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकली आणि कारखान्याच्या मळीचा वास काचा बंद असूनही आत आला. त्या वासासरशी आठवला तो ऊस नाही, एक अर्ज. मी विभागप्रमुख असताना असे अर्ज वर्षाला दोन-चार यायचे. ‘काही अपरिहार्य कारणास्तव विषय बदलून मिळावा’ एवढंच त्यात लिहिलेलं असायचं. या ‘अपरिहार्य कारणास्तव’वर माझा जुना राग आहे. त्याच्याआड आळस लपतो, मार्गदर्शकाशी झालेलं भांडण लपतं आणि कधी कधी फार चांगलं संशोधनही.

हा अर्ज वेगळा होता, कारण मुलीने सोबत तक्ता जोडला होता. शिरूर कासार तालुक्यातली तीन गावं, ग्रामपंचायतीच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून काढलेली शंभरेक घरं आणि त्यातल्या बहुतेक घरांपुढे एकच शब्द: कुलूप. विषय होता ऊसतोड कुटुंबांवरचं उचलीचं कर्ज. पाहणीला ती गेली डिसेंबरात. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून गेलेली माणसं मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत, हे बीडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तिला सोलापुरातून येऊन ते कळायचं होतं.

“मॅडम, शेजारचं घर घेतलं तर चालेल, असं सगळे म्हणतात,” ती म्हणाली.

“तुला काय वाटतं?”

“शेजारच्या घरात आजीच भेटते.”

तिथेच मला कळलं की पोरगी हुशार आहे. उघडी सापडलेली पंचवीसएक घरं तिने वयानुसार मांडून पाहिली होती. उत्तर देणारे जवळजवळ सगळे साठीच्या पुढचे, नाहीतर विहीर-बागायत असलेले. म्हणजे ज्यांनी उचल घेतली ते गेलेले, आणि ज्यांना घ्यावी लागली नाही किंवा ज्यांना कोयता पेलत नाही ते मागे उरलेले. अशा घरांवरून कर्जाची सरासरी काढली तर आकडा नीटनेटका येतो आणि खोटा असतो. कुलपाच्या जागी शेजारचं घर घातलं की फॉर्म भरतात, पण चूक दुप्पट होते.

मी विचारलं, मग कारखान्याच्या अड्ड्यावर जाऊन कोप्यांमध्ये का नाही विचारत? ती तिथेही जाऊन आली होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्याशी बोलायचं तर मुकादम शेजारी उभा. उचलीबद्दल त्याच्यासमोर कोण खरं सांगणार? पावसाळ्यात गावात माणसं भेटली असती, पण तोवर तिच्या फेलोशिपचं वर्ष सरलं असतं. शिवाय पीएच.डी.ची सहा वर्षं प्रवेशाच्या तारखेपासून मोजली जातात. विषय बदलला म्हणून ती तारीख पुढे सरकत नाही.

इथे इरावती कर्वे उगाचच मध्ये येतात, पण त्यांना थांबवता येत नाही. 1920च्या दशकाच्या शेवटी बर्लिनमध्ये त्या ऑयगेन फिशरकडे कवट्या मोजत होत्या. युरोपीय माणसाची कवटी वेगळ्या प्रकारे विषम असते, ही गुरूची अटकळ. मोजमापं म्हणाली, तसं काही नाही. इरावतीबाईंनी ‘तसं काही नाही’ हेच प्रबंधात लिहिलं. पदवी मिळाली, गुण कमी मिळाले. त्यांना विषय बदलायची गरज नव्हती, कारण माहिती मिळाली होती, फक्त गुरूला नको ती. माझ्यापुढे बसलेल्या मुलीला माहितीच मिळाली नव्हती. अर्ज पाहताना मी आधी एवढंच ठरवायची: अंदाज हरला, पद्धत हरली की प्रश्नच विचारता येण्याजोगा नव्हता? अंदाज हरला असेल तर अर्ज परत. पद्धत हरली असेल तर आधी पद्धत बदल.

तिचा प्रश्न चांगला होता, पण तिच्या मुदतीत विचारता येण्याजोगा नव्हता. मात्र त्या उघड्या दारांत आज्या होत्या, आणि आज्यांपाशी शाळेत जाणारी नातवंडं. नवा विषय तिने तिथूनच उचलला होता: हंगामात मागे राहिलेल्या मुलांचा सांभाळ आणि शाळा. जुने फॉर्म त्यात कामी येत होते. मी मार्गदर्शकाची शिफारस मागवली आणि अर्ज संशोधन सल्लागार समितीपुढे ठेवला. समितीतले एक सद्गृहस्थ म्हणाले, “कुलपांचा तक्ता काढून टाका, वाईट दिसतो.” मी तो काढू दिला नाही. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

आता निवृत्तीनंतरही परीक्षक म्हणून प्रबंध येतात. कित्येकांत तीनशेपैकी तीनशे फॉर्म भरलेले, एक घर बंद नाही, एक माणूस नकार देत नाही. डिसेंबरात ऊसतोडीच्या गावात शंभर टक्के प्रतिसाद मिळवलेला प्रबंध हाती आला, की मी निष्कर्षांचं प्रकरण उघडत नाही. आधी घरांची यादी मागवते.