ताप उतरला, तेव्हाच जप

जुलै-ऑगस्ट आला की दवाखान्यात एक ठरावीक प्रश्न ऐकू येतो. "डॉक्टर, पोरगं पुण्याला होस्टेलला निघालंय, बरोबर काय काय औषधं देऊ?" यंदा हाच प्रश्न माझ्या घरात आला. धाकटी मुलगी सांगलीहून पुण्याला शिकायला निघाली. बॅग भरताना तिला सगळं सांगणं काही जमलं नाही, म्हणून मी तिला हे पत्र लिहून दिलं. तुमचाही मुलगा किंवा मुलगी घर सोडून निघत असेल, तर त्यांनाही वाचायला द्या.

बाळा,

तुझ्या औषधांच्या डब्यात मी मुद्दाम फारसं काही ठेवलेलं नाही. एक डिजिटल थर्मामीटर, पॅरासिटामॉल ६५० च्या दोन स्ट्रिप आणि ओआरएसची सहा पाकिटं. एवढंच का, ते कळण्यासाठी एक खरी गोष्ट सांगतो.

माझ्याकडे लहानपणापासून येणारा एक मुलगा दोन वर्षांपूर्वी असाच शिकायला बाहेर गेला. ऑगस्टमधल्या एका सोमवारी रात्री त्याला थंडी वाजून १०३ ताप आला. अंग ठणकत होतं, डोळ्यांच्या मागे दुखत होतं. मित्राने मेडिकलमधून "ताप-अंगदुखीची" गोळी आणून दिली. तिच्यात पॅरासिटामॉलबरोबर इबुप्रोफेनही होतं. चार दिवस तो तीच गोळी खात राहिला. आई रोज संध्याकाळी फोनवर विचारायची, "जेवलास का?" तो म्हणायचा, "हो, जेवलो." आईला काळजी नको, परीक्षा जवळ आली आहे, उगाच कशाला सांगायचं, असा त्याचा विचार.

शुक्रवारी सकाळी ताप उतरला. त्याने मित्रांना सांगितलं, "आता बरा आहे, तुम्ही जा." सगळे कॉलेजला गेले. दुपारपर्यंत त्याच्या पोटात जोरात दुखायला लागलं, चार उलट्या झाल्या, हातपाय गार पडले. सकाळपासून लघवी झालेली नव्हती. दोन वाजता एक मित्र विसरलेलं जर्नल न्यायला खोलीवर आला, म्हणून तो सापडला. हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा रक्तदाब ९०/७६ होता. डेंग्यू होता. दोन दिवस आयसीयूत राहून मुलगा वाचला. नंतर त्याची आई फाइल घेऊन माझ्याकडे आली आणि एवढंच म्हणाली, "डॉक्टर, ताप गेल्यावर कसं काय झालं हो हे?"

तिला जे समजावलं तेच तुला सांगतो. डेंग्यूत पहिले तीन-चार दिवस ताप असतो, माणूस गळून जातो, पण धोका बहुधा तेव्हा नसतो. धोका असतो ताप उतरतो त्या सुमारास, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. काही रुग्णांमध्ये त्या वेळी बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातला पाण्यासारखा भाग बाहेर, पोटात आणि छातीत, उतरतो. आत उरलेलं रक्त घट्ट होतं, रक्तदाब ढासळतो. हा पाझर साधारण एक-दोन दिवस टिकतो. तेवढा काळ सलाईन मोजून-मापून दिलं की बहुतेक रुग्ण सावरतात. उशीर झाला, तर मात्र जिवावर बेततं.

सगळे लोक प्लेटलेट्सचा आकडा विचारत बसतात. त्या मुलाच्या प्लेटलेट्स ३८ हजार होत्या, त्यावर नातेवाइकांची धावाधाव सुरू झाली. पण डॉक्टरांना चिंता होती पीसीव्हीची. म्हणजे रक्त किती घट्ट झालंय याचा आकडा. तो ५२ वर गेला होता. त्याला सलाईनने वाचवलं, प्लेटलेट्सची एकही पिशवी लागली नाही.

आता तू काय करायचं ते. ताप आला की पहिला दिवस कोणता, ते मोबाइलमध्ये लिहून ठेव. पुढचं सगळं त्या मोजणीवर अवलंबून असतं. थर्मामीटर जिभेखाली धरून बीप वाजेपर्यंत थांब, आकडा लिही.

ताप आणि अंगदुखीसाठी फक्त पॅरासिटामॉल. तुझ्या वजनाला ६५० ची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. ॲस्पिरिन, इबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको. त्यांनी पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळीच्या पाकिटावर घटकांची नावं असतात, ती वाचल्याशिवाय तोंडात टाकू नकोस. आणि अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने अजिबात नाही. डेंग्यू विषाणूचा आजार आहे, त्यावर ते चालत नाही.

पाणी, ओआरएस, ताक, नारळपाणी, भाताची पेज, जे पोटात राहील ते थोडं थोडं घेत राहा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरला असतं, छोटं २०० मिलिलिटरला. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घाल. पुरेसं पितेयस की नाही, ते लघवी सांगते. दर चार ते सहा तासांनी व्हायला हवी, रंग फिका हवा.

दुसऱ्या दिवशीही ताप असला, तर जवळच्या डॉक्टरांकडे जा. ते सीबीसी आणि गरज वाटल्यास एनएस१ तपासणी सांगतील. एनएस१ पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते, पण ती निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाहीच, असं समजू नकोस. सीबीसी पुन्हा कधी करायची, तेही विचारून ठेव.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ज्या दिवशी ताप उतरेल, त्या दिवसापासून पुढचे दोन दिवस खोलीत एकटी राहू नकोस. मैत्रिणीला आधीच सांगून ठेव. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, काळी शी, पाळीत नेहमीपेक्षा जास्त रक्तस्राव, गार हातपाय, उभं राहताच चक्कर, खूप सुस्ती किंवा बेचैनी, सहा तास लघवी नाही. यातलं एकही दिसलं, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. वाहन मिळालं नाही, तर १०८ ला फोन. रेक्टरबाई झोपल्या असतील म्हणून संकोच करायचा नाही.

अर्थात प्रत्येक ताप डेंग्यू नसतो, आणि डेंग्यूचे बहुतेक रुग्ण घरच्या घरीच बरे होतात. म्हणून घाबरायचं नाही. लपवायचं मात्र नाही. आईला काळजी वाटेल म्हणून खोटं "बरं आहे" सांगितलंस, तर आम्ही इथून काहीच करू शकणार नाही.

तुझा,
बाबा

जाता जाता पालकांना एक विनंती. मूल आजारी असताना फोनवर "जेवलास का?" याचं उत्तर नेहमी "हो" असंच येतं. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. आज तापाचा कितवा दिवस? आत्ता थर्मामीटरवर आकडा किती? शेवटची लघवी किती वाजता झाली? या तिन्हींची उत्तरं नीट आली नाहीत, तर मुलाच्या मित्राला फोन लावा. त्यासाठी खोलीतल्या एका मित्राचा नंबर निघण्यापूर्वीच लिहून घ्या. मी घेतलाय.